रूम उघडण्याआधीचं काम

प्रश्न: "मी शाळेतल्या मुलांना भौतिकशास्त्र ऑनलाइन शिकवतो. एक तासाचा लाइव्ह वर्ग, २४ मुलं, त्यातली निम्मी मोबाइल डेटावर. मध्ये मध्ये मुलांना छोट्या गटांच्या वेगळ्या रूममध्ये पाठवून पाच-पाच मिनिटांचे ब्रेकआउट ठेवतो, पण दर वेळी चार-पाच जण गळतात. ते परत येईपर्यंत वेळ संपलेला असतो आणि बाकीचे म्हणतात, 'सर, काय करायचं होतं तेच कळलं नाही.' ब्रेकआउट बंदच करावेत का? नाहीतर आखणी कशी करावी?"

बंद करू नका, पण तासाला एकच ठेवा. "पाच मिनिटांचा ब्रेकआउट" घड्याळात पाच मिनिटांचा कधीच नसतो. सूचना, जाणं, काम, परत येणं आणि आलेल्या उत्तरांवर बोलणं असं सगळं धरलं तर माझ्या वर्गात अशा एका कामाला सतरा-अठरा मिनिटं लागतात. तासात असे तीन बसवायला गेलं की प्रत्येकाचा शेवट कापला जातो, आणि शिकणं तर त्या शेवटातच असतं.

तुमची मुलं नेमकी कुठे गळतात ते आधी पाहू, कारण पुढची सगळी आखणी त्यावर उभी आहे. रूममध्ये काम करताना त्या मानाने कमी मुलं गळतात. मोठी गळती होते ती जाताना आणि येताना. आपल्याला वाटतं की मूल या खोलीतून शेजारच्या खोलीत गेलं. प्रत्यक्षात त्याचं ॲप चालू असलेली आवाजाची जोडणी तोडतं आणि नव्या रूमशी दुसरी जोडणी पहिल्यापासून जमवतं. त्यासाठी बऱ्याच निरोपांची देवघेव होते आणि वाटेत एखादा हरवला की तो पुन्हा पाठवावा लागतो. चांगल्या नेटवर हे दोन-तीन सेकंदांत उरकतं. अडखळत्या नेटवर अर्धं मिनिट जातं, आणि कधी ॲप कंटाळून मुलाला वर्गाबाहेरच काढतं. २४ मुलं एकदा जाऊन परत आली तर अशा ४८ जोडण्या होतात, तीन ब्रेकआउटना १४४. तुमच्या वर्गाला यातल्या जितक्या कमी लागतील तितकं बरं.

दुसरं कारण इतकं उघड नाही. मुख्य वर्गात मुलं बहुतेक वेळ ऐकतात, म्हणजे नेटवरून फक्त घेतात. रूममध्ये गेल्यावर ती बोलायला लागतात, म्हणजे पाठवायलाही लागतात, आणि मोबाइल नेटची पाठवण्याची बाजू सहसा जास्त लंगडी असते. त्यात चारच जण आहोत म्हटल्यावर मुलं मोकळी होतात आणि कॅमेरे चालू करतात. नुसत्या आवाजाला साधारण ६० ते ८० केबीपीएस पुरतात. एका बऱ्या व्हिडिओला ६०० च्या आसपास लागतात, आणि समोरच्या तिघांचे व्हिडिओ उतरवायचे ते वेगळेच. मुख्य वर्गात तासभर नीट टिकलेलं मूल रूममध्ये दुसऱ्या मिनिटाला लटकतं ते यामुळे. म्हणून रूममध्ये कॅमेरा बंद हा नियम पक्का ठेवा आणि तो कामाच्या कार्डावरच लिहा, कारण तोंडी सांगितलेला नियम रूममध्ये पोचत नाही.

पहिल्या वर्षी मी स्वतः यात व्यवस्थित आपटले आहे. जोड्या केल्या होत्या, तीन मिनिटं दिली होती आणि एक सामायिक फळा उघडायला सांगितला होता. फळा उघडायला ब्राउझरमध्ये जायचं म्हटल्यावर कमी मेमरीच्या फोनांनी मागे राहिलेलं वर्गाचं ॲपच बंद करून टाकलं. एका मुलीची जोडीदार गळली आणि ती तीन मिनिटं रिकाम्या रूममध्ये बसून राहिली. "मॅडम, कुणी आहे का?" असं तिने चॅटमध्ये लिहिलं होतं. पण रूमचं चॅट रूमपुरतंच असतं, त्यामुळे ते कुणालाच दिसलं नाही. मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही तिनेच सांगितलं म्हणून.

तेव्हापासून मी ब्रेकआउट आखताना धरूनच चालते की पाचात एक मूल रूममध्ये पोचणार नाही किंवा मधेच जाईल. हा अंदाज थोडा जास्त निघाला तरी नुकसान काहीच नाही. गट केवढा असावा हेही त्यातून ठरतं. प्रत्येकाची गळण्याची शक्यता २० टक्के धरली, तर दोघांच्या जोडीतला किमान एक जण गळण्याची शक्यता ३६ टक्के येते, म्हणजे बारा जोड्यांतल्या चारेक जोड्या मोडतात. तिघांच्या गटात फार तर एकच जण उरण्याची शक्यता १० टक्क्यांवर येते आणि चौघांच्या गटात ३ टक्क्यांच्याही खाली. पाच-सहा जणांचा गट याहून टिकाऊ असतो, पण त्यात दोघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात. म्हणून तुमच्या २४ मुलांचे चार-चारचे सहा गट करा. कमकुवत नेटची मुलं एका गटात कोंबू नका, एकेका गटात वाटून द्या. त्यांचा निराळा गट करणं सोयीचं वाटतं खरं, पण तो गट हमखास रिकामा पडतो.

आता प्रत्यक्ष तास घेऊ. विषय वेग-काळ आलेख धरते. तुम्ही हा शिकवतच असाल, आणि गटातल्या कामाला तो अगदी योग्य आहे.

आदल्या संध्याकाळी मुलांच्या मेसेज ग्रुपवर एक कार्ड जातं. कार्ड म्हणजे निव्वळ मजकूर. चित्र लागलंच तर १०० केबीच्या आतलं. पीडीएफ नको, लिंक तर नकोच. मजकूर असा:

"सायकल थांबलेल्या अवस्थेतून निघाली. पहिल्या ४ सेकंदांत तिचा वेग एकसारखा वाढत ८ मी/से झाला. पुढचे ६ सेकंद तो ८ मी/से राहिला. शेवटच्या २ सेकंदांत एकसारखा कमी होत शून्य झाला. (क) आलेख वहीत काढा. एकूण अंतर किती? बेरीज सोडवून लिहा. हे एकट्याने. (ख) एका मुलाचं उत्तर ९६ मीटर आलं. ते चुकीचं आहे. असं उत्तर दोन वेगवेगळ्या चुकांमुळे येऊ शकतं. दोन्ही चुका शोधा. हे गटात. कॅमेरा बंद. आवाज गेला तर रूमच्या चॅटमध्ये लिहा. लेखनिक: यादीत गटातलं पहिलं नाव. राखीव: दुसरं नाव. रूममध्ये जाता आलं नाही तर मुख्य वर्गातच थांबा, तिथे मी आहे."

त्याखाली सहा गटांची यादी. ती करताना एवढं बघा की ज्याचं नेट एरवी कमकुवत असतं त्याचं नाव पहिलं किंवा दुसरं येणार नाही.

हे कार्ड वर्गाच्या चॅटमध्ये टाकलं की झालं, असं मानू नका. गळून पुन्हा आलेल्या मुलाला काही ॲपमध्ये आपण येण्याआधीचं चॅट दिसत नाही. रूममध्ये गेल्यावर मुख्य चॅटमधला मजकूर समोर असेलच याचीही खात्री नाही. तुमची मुलं म्हणतात ना, काय करायचं तेच कळलं नाही, ते बहुधा इथूनच येतं. त्यांनी सूचना ऐकलेली असते, पण दोन मिनिटांनी ती समोर कुठेच नसते. फोनवर आधीच येऊन पडलेला मेसेज मात्र नेट गेलं तरी उघडतो. वर्गाच्या सुरुवातीला मी "कार्ड वहीत उतरवून घ्या" असंही सांगते, म्हणजे मेसेज बघायला ॲपमधून बाहेर पडावं लागत नाही.

कार्डातल्या कामाबद्दलही थोडं बोलायला हवं. नुसतं "अंतर काढा" हे काम रूममध्ये पाठवायच्या लायकीचं नाही. ते एकट्याने होतं, आणि गटात एक हुशार मूल उत्तर सांगतं व बाकीचे उतरवतात. अंतर म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ: ४ सेकंदांच्या चढाचा त्रिकोण १६ मीटर, मधला आयत ४८ मीटर, उताराचा त्रिकोण ८ मीटर, मिळून ७२ मीटर. ९६ का येतं हा प्रश्न मात्र गटाचा आहे. सायकल पूर्ण १२ सेकंद ८ मी/से वेगाने गेली असं धरलं तर १२ गुणिले ८, म्हणजे ९६. आणि तीन भाग बरोबर पाडून त्रिकोणांचं अर्धं करायला विसरलं तर ३२ + ४८ + १६, म्हणजे पुन्हा ९६. पहिल्या मुलाला आलेखच समजलेला नाही. दुसऱ्याला समजलाय, फक्त सूत्र अर्धवट आठवलंय. हा फरक मुलांनी स्वतः शोधून काढावा म्हणून चार डोकी एकत्र आणायची. आकडे बदलून हा घोळ मिटत नाही, कारण दोन्ही त्रिकोणांचं अर्धं सोडून दिलं की अशा आलेखात कायम पूर्ण आयतच मिळतो. म्हणूनच (क) मध्ये बेरीज सोडवून मागितली आहे. नुसतं "९६" आलं तर मुलाचं कुठे चुकलं ते तुम्हाला कळणार नाही. ४८ चंही तेच: कुणी फक्त मधला आयत घेतलेला असतो, तर कुणी ० आणि ८ ची सरासरी ४ काढून तिला १२ ने गुणलेलं असतं.

कमकुवत नेटवरही हे काम चालतं याचं कारण असं की रूममधून बाहेर यायचं असतं फक्त एक-दोन ओळींचं वाक्य. फाइल, फळा, स्लाइड यातलं काही नाही. लेखनिकाने ते वाक्य वहीत लिहायचं, परत आल्यावर मुख्य चॅटमध्ये टाइप करायचं. लेखनिक गळला तर राखीव. दोघंही गळले तर तिसऱ्या कुणाच्या वहीत ते असतंच.

तासाची सुरुवात मी श्रवणचाचणीने करते. "ऐकू येतंय का?" या प्रश्नाला काही अर्थ नाही. ज्याला येत नाही तो काय उत्तर देणार? आणि ज्याला तुटक येतंय तोही संकोचाने "हो मॅडम" म्हणतो. त्याऐवजी मी एक आकडा फक्त बोलते, पडद्यावर दाखवत नाही, आणि तो चॅटमध्ये लिहायला सांगते. आपल्या मराठी आकड्यांचा इथे मोठाच उपयोग होतो. "सदुसष्ट" म्हटलं की ज्याचा आवाज तुटतोय तो ७७ किंवा ५७ लिहितो, आणि ज्याचा आवाज उशिरा पोचतोय त्याचं ६७ बाकीच्यांच्या मागून डुलत येतं. अर्ध्या मिनिटात आजची कमकुवत यादी हातात येते. नुसत्या कालच्या यादीवर आज भागत नाही, कारण नेट मुलाचं नसतं, त्या तासाचं असतं.

चुकीचं लिहिणारे, उशिरा लिहिणारे आणि काहीच न लिहिणारे मिळून एक तृतीयांशाहून जास्त झाले, म्हणजे तुमच्या वर्गात आठाच्या वर गेले, तर त्या दिवशी मी रूम उघडतच नाही. तेच कार्ड मुख्य वर्गात चालतं, ते कसं ते पुढे सांगते. आणि सगळेच चुकले तर मुलांचं नेट तपासू नका, आपलं तपासा. एकाला त्रास असेल तर दोष त्याच्या बाजूचा, सगळ्यांना एकदम असेल तर तुमच्या.

यानंतर बारा-तेरा मिनिटं शिकवणं. तेव्हा एवढंच सांभाळा की स्लाइड बदलली की तीन-चार सेकंद गप्प राहायचं. स्थिर स्लाइडला फारसं नेट लागत नाही, पण ती बदलते तेव्हा सगळा भार एकदम येतो. अक्षरं आधी पुसट दिसतात, मग हळूहळू स्पष्ट होतात, आणि त्याच क्षणी तुम्ही बोलत असलात तर आवाज तुटतो. ॲनिमेशन काढूनच टाका. मी माझा कॅमेरा पहिली दोन मिनिटं ठेवते, मुलांना चेहरा दिसावा म्हणून, आणि मग बंद करते. झूम वापरत असाल तर मुलांना `Stop Incoming Video` हा पर्याय एकदा दाखवून ठेवा. त्याने इतरांचे व्हिडिओ आपल्या फोनवर उतरणं थांबतं.

मग (क). तीन मिनिटं, मुख्य वर्गात, प्रत्येकाने एकट्याने वहीत. ही तीन मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, पण पुढचा सगळा भार तीच पेलतात. जे मूल रूममध्ये पोचणार नाही त्याच्याकडेही आता आलेख आणि उत्तर असतं. तिसरं मिनिट संपताना मी उत्तर लिहायला सांगते, पण पाठवायचं नाही, मी "पाठवा" म्हटल्यावरच. सगळी उत्तरं एकदम पडतात, कुणी कुणाचं बघून बदलत नाही, आणि कुणी कुठली चूक केली ते मला रूम उघडण्याआधीच दिसतं.

आता रूम. उघडल्यापासून बंद होईपर्यंत सात मिनिटं. पहिलं मिनिट मुकं. रूममध्ये गेल्यावर कुणीच बोलायचं नाही, (ख) पुन्हा वाचायचं आणि एक चूक वहीत लिहायची. जो पाचव्या सेकंदाला पोचला आणि जो पन्नासाव्या सेकंदाला पोचला, त्यांच्यात यामुळे फरक राहत नाही. हे करण्याआधी माझ्याकडे उशिरा येणारं मूल चालू गप्पांत शिरायचं, त्याला काही समजायचं नाही आणि ते गप्प बसून राहायचं. मला वाटायचं की ते लाजतंय.

दुसऱ्या मिनिटापासून बोलणं. पाचव्या मिनिटाला मी सगळ्या रूमना मजकुराचा निरोप पाठवते: "लेखनिक, दोन्ही चुका आता वहीत लिहा." आवाजाने नाही, मजकुरानेच. तुटक आवाजातली सूचना समजत नाही, आणि मजकूर उशिरा का होईना, पुरा येतो. मात्र हा निरोप काही सेकंदांत पडद्यावरून जातो, म्हणून तो एका ओळीचाच असावा. सहाव्या मिनिटाला बंद करण्याचं बटण दाबायचं आणि उलटमोजणी ६० सेकंदांची ठेवायची. दहा-पंधरा सेकंदांची ठेवली तर अर्धं वाक्य बोलत असलेली मुलं ओढून बाहेर येतात.

या सात मिनिटांत मी रूममध्ये फिरत नाही. हे आपल्या शिक्षक-मंडळींना सगळ्यात जड जातं, मलाही गेलं. आपण फिरलो नाही तर मुलं टवाळक्या करतील असं वाटतं. थोड्या करतातही. पण तुम्ही रूम क्रमांक तीनमध्ये असताना गळलेलं मूल मुख्य वर्गात परत येतं तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं. प्रतीक्षा कक्ष चालू असेल तर ते त्याहूनही बाहेर, दारात ताटकळतं. तेव्हा वर्ग सुरू झाल्यावर प्रतीक्षा कक्ष बंद करा आणि स्वतः मुख्य वर्गात बसा. मुख्य वर्ग हाच सातवा गट. ज्याला जाता आलं नाही, जो जाऊन परत फेकला गेला, तो तुमच्याबरोबर चॅटवर (ख) सोडवतो. मी अशा मुलांना परत रूममध्ये ढकलण्याची खटपट करत नाही. एकदा पडलेली जोडणी दुसऱ्यांदाही पडण्याचीच शक्यता जास्त, आणि त्या खटपटीत त्याची चार मिनिटं जातात.

एका तासात काय झालं ते सांगते. श्रवणचाचणीत चार जण मागे होते. रूम उघडल्यावर नियंत्रणाच्या चौकटीत पाच नावांपुढे ती अजून रूममध्ये पोचली नसल्याचं दिसत होतं. मिनिटभरात त्यातली दोन पोचली, तीन मुख्य वर्गातच राहिली. चौथ्या मिनिटाला आणखी एक जण बाहेर फेकला जाऊन परत आला. माझ्या सातव्या गटात असे चौघं झाले. त्यातल्या एकाने (क) मध्ये स्वतःच "३२+४८+१६=९६" लिहिलं होतं. मी चॅटमध्ये त्याला एवढंच विचारलं, "तुझ्या ३२ चा आकार कसा आहे?" बराच वेळ काही नाही. मग आलं, "त्रिकोण." आणि लगेच दुसरी ओळ, "अर्धं राहिलं." दुसऱ्या एका मुलीने १२ गुणिले ८ चा मार्ग शोधला होता. दोघांच्या ओळी मी एकमेकांना वाचून दाखवल्या आणि सातव्या गटाचं काम सहाही रूमच्या आधी झालं.

परत येणं हा आणखी एक चुकार टप्पा. घड्याळावर सात मिनिटं झाली, सगळे आले असं समजून आपण बोलायला लागतो आणि पहिलंच महत्त्वाचं वाक्य चार मुलांच्या जोडण्या चालू असताना वाया जातं. परतल्यावर पाऊण ते एक मिनिट मी काहीही शिकवत नाही. लेखनिक तेवढ्यात आपली ओळ मुख्य चॅटमध्ये टाइप करतात, गटाच्या क्रमांकासह. त्यासाठी वेळ लागतोच, म्हणून तो वाया जात नाही. पाच गटांच्या ओळी आल्या की सुरू. सहाव्याची वाट बघायची नाही. ती मागून येते.

उत्तरांवर बोलताना गटांना माइक चालू करून वाचायला लावू नका. दर वेळी "ऐकू येतंय का", "तुझा माइक बंद आहे", "पुन्हा बोल" यात एकेक मिनिट जातं. चॅटमधल्या ओळी मी वाचते, दोन निवडते, आणि ज्यांची ओळ आहे त्यांतल्या चांगल्या नेटवाल्या एकालाच एक प्रश्न विचारते. त्या दिवशी चार गटांनी दोन्ही चुका पकडल्या होत्या. दोन गटांनी एकच चूक दोन वेगळ्या शब्दांत लिहिली होती: "अर्धं केलं नाही" आणि "त्रिकोणाचं सूत्र विसरलं". त्यावर सहा-सात मिनिटं छान गेली. या दोन ओळी वेगळ्या आहेत की एकच, एवढाच प्रश्न वर्गासमोर टाकला होता.

दुसरं छोटं काम तासाच्या शेवटी हवंच असेल तर ते रूमशिवाय करा. नवा आलेख तोंडी सांगा, कार्डावरही असू द्या. दोन मिनिटं वही, मग "टाइप करा, पाठवू नका", मग "पाठवा". उत्तरांत दोन परस्परविरोधी ओळी निवडा आणि विचारा, यातली कोणती बरोबर, १ की २? मुलं आकडा पाठवतात, मग तुम्ही प्रत्येक बाजूच्या एकाला कारण लिहायला लावता. यात एकही नवी जोडणी लागत नाही. ज्या दिवशी आठाहून जास्त मुलं चाचणीत मागे पडतात त्या दिवशी (ख) सुद्धा असंच घ्या. गटातल्या गप्पा होत नाहीत ही खरी उणीव आहे, पण गळलेल्या गटात त्या तशाही झाल्या नसत्या.

आवाजाच्या तक्रारी ऐकताना लक्षणं वेगवेगळी ओळखा, कारण त्यांवरचा उपाय वेगळा असतो. आवाज यंत्रासारखा, शब्दांची टोकं खाल्लेला येत असेल तर वाटेत माहिती हरवते आहे. त्या मुलाला व्हिडिओ बंद करून चॅटवर यायला सांगा. आवाज स्वच्छ आहे पण मूल तुमच्या मागच्या प्रश्नाचं उत्तर देतंय, किंवा दोघं सारखे एकमेकांच्या बोलण्यात घुसतायत, तर विलंब जास्त आहे. तिथे बोलण्याची पाळी नावाने द्यायची, एवढंच. आणि आवाज काही क्षण थांबून मग भराभर पळाल्यासारखा ऐकू आला तर माहिती साचून एकदम आलेली असते. अशा मुलाला आवाज चालतो, फक्त त्याला वेळेचं बंधन असलेलं काम देऊ नका.

ज्यांचा आवाजही टिकत नाही त्यांच्यासाठी तुमच्या ॲपमध्ये साध्या फोन कॉलने जोडण्याची सोय आहे का ते पाहा. असेल तर आवाज इंटरनेटवर अवलंबून राहत नाही. मात्र असं मूल यादीत नावाऐवजी नंबरने दिसू शकतं आणि त्याला रूममध्ये हलवता येतं की नाही हे ॲपवर ठरतं. वर्गाआधी करून बघा, नाहीतर त्याला सरळ सातव्या गटात ठेवा.

रंगीत तालीम एकदा तरी करा. स्वतःच्या दुसऱ्या फोनवर वाय-फाय बंद करा, तुमच्या सिमवर चालत असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ४जी काढून ३जी किंवा २जी वर आणा, घरातल्या सगळ्यात वाईट रेंजच्या कोपऱ्यात जा आणि त्या फोनवरून स्वतःच्याच वर्गात मूल म्हणून शिरा. एका सहकाऱ्याला रूम उघडायला सांगा आणि हातात घड्याळ धरा. बटण दाबल्यापासून समोरचा माणूस तुम्हाला ऐकू येईपर्यंत किती सेकंद गेले ते लिहून ठेवा. मला पहिल्या वेळी ३८ सेकंद लागले होते आणि परत येताना फोन वर्गाबाहेरच पडला. मुक्या मिनिटाची कल्पना तिथेच सुचली.

वर्ग संपल्यावर गळलेल्यांनी (ख) ची आपली ओळ रात्रीपर्यंत मेसेज ग्रुपवर नाही, मला वैयक्तिक पाठवायची असं ठरलेलं आहे. ग्रुपवर पाठवली की सगळ्यांच्या ओळी एकसारख्या येतात.